सापळ्यात किती पतंग पडले?



मागच्या अंकात कोलाम पोडावरच्या कापसाच्या शेताचा एक फोटो छापला होता. त्यात काठीला टांगलेली हिरवी टोपी आणि तिच्याखाली लोंबणारी प्लास्टिकची पिशवी दिसत होती. तो फोटो पाहून आपल्यापैकी काही जणांनी मंडळीत भेटल्यावर विचारले, "भाऊ, ही पिशवी किडे मारते का? मग औषध फवारायचे कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर दोन वाक्यांत संपत नाही, म्हणून हा लेख लिहीत आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या पोडांवर मी शेतीचे काम पाहतो. तिथे या पिशवीतले पतंग मोजणे हा श्रावण ते कार्तिक माझा रोजचा उद्योग असतो.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. निरीक्षणासाठी लावलेला सापळा पिकाचे रक्षण करत नाही, तो फक्त बातमी देतो. बातमी कशी वाचायची हे कळले तर शेतकऱ्याचा पैसा वाचतो आणि कधीकधी जीवही वाचतो. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याच वर्षी बीटी कापसाला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर बोंडे पोखरली होती. म्हणजे अळीची भीती खरी आहे आणि फवाऱ्याची भीतीही खरी आहे. फवारणी कधी करायची आणि कधी करायची नाही, हे ठरवण्यासाठी ही मोजणी आहे.

गंधाने येणारा पतंग

गुलाबी बोंडअळीचा पतंग लहानसा, करड्या-तपकिरी रंगाचा असतो. दिवसा तो ढेकळांत किंवा पानांच्या सावलीत दडून बसतो, त्यामुळे शेतात फिरणाऱ्या माणसाला सहसा दिसत नाही. रात्री मादी एक गंध सोडते. माणसाच्या नाकाला तो येत नाही, पण नराला तो लांबून कळतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेने तो मादीकडे उडत येतो.

कीटकांचा असा गंध प्रथम वेगळा काढला तो जर्मनीतील आडोल्फ बुटेनांड्ट यांनी १९५९ साली. त्यासाठी त्यांना रेशमाच्या सुमारे पाच लाख माद्या लागल्या. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध १९७३ साली ओळखला गेला. तोच आता कारखान्यात तयार करून रबराच्या छोट्या गोळीत मुरवतात. आम्ही तिला ल्युर म्हणतो. गोळी सापळ्याच्या टोपीखाली अडकवली की नर मादी समजून येतो, नरसाळ्यातून पिशवीत घसरतो आणि बाहेर पडू शकत नाही. या सापळ्याला कामगंध सापळा म्हणतात.

यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या विसरल्या की पुढचा सगळा हिशेब चुकतो. पहिली गोष्ट, पिशवीत फक्त नर पडतात. अंडी घालणारी मादी कधीच पडत नाही. दुसरी गोष्ट, एका जातीची गोळी त्या जातीलाच बोलावते. गुलाबी बोंडअळीच्या गोळीकडे अमेरिकन बोंडअळीचा पतंग येत नाही. दुसरा एखादा पतंग चुकून शिरला तर तो वेगळा काढायचा आणि मोजायचा नाही.

निरीक्षणासाठी हेक्टरी ५ सापळे पुरतात, म्हणजे एकरी २. पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी, पात्या लागण्याच्या सुमारास ते लावतो. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच हवा आणि पीक वाढेल तसा तो काठीवर वर सरकवायला हवा. पऱ्हाटीच्या पानांत दडलेल्या सापळ्याचा गंध वाऱ्यावर पसरत नाही. गोळी पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत, साधारण तीन आठवड्यांनी बदलतो आणि बदलल्याची तारीख टोपीवर मार्करने लिहितो.

बेचाळीस पतंगांची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी पोळा होऊन आठवडा झाला असेल. पोडावरच्या एका दादांचा सकाळी फोन आला. त्यांचे अडीच एकर कापूस आहे, म्हणजे सुमारे एक हेक्टर, आणि त्यात पाच सापळे होते.

"भाऊ, सापळ्यात बेचाळीस पडले. आठच्या वर गेले की फवारा म्हणून तुम्हीच सांगितलं होतं ना? पंपवाला ठरवला आहे. औषध कृषी केंद्रातून उधारीवर आणतो."

मी म्हटले, "दादा, दुपारपर्यंत थांबा, मी येतो. एवढं सांगा, पिशवी आधी कधी रिकामी केली होती?"

"मागच्या बाजाराच्या दिवशी."

म्हणजे सात रात्री झाल्या होत्या. आठचा जो आकडा आपण सांगतो तो पूर्ण असा आहे: एका सापळ्यात, एका रात्रीत सरासरी ८ पतंग, आणि तेही सलग तीन रात्री. दादांना त्यातला फक्त 'आठ' लक्षात राहिला होता. त्यात त्यांची चूक नव्हती. सभेत मीच तो आकडा घाईने सांगितला होता.

शेतात गेल्यावर आम्ही पाचही पिशव्या वर्तमानपत्रावर रिकाम्या केल्या. त्यांत ४२, १८, २३, १५ आणि २१ पतंग निघाले. एकूण ११९. पाच सापळ्यांनी भागले, मग सात रात्रींनी भागले. सरासरी आली एका सापळ्याला एका रात्रीत ३.४. पातळीच्या निम्म्याहूनही कमी. जास्त भरलेला एकटा सापळा धरला तरी ४२ भागिले ७ म्हणजे ६ होतात, आठ नव्हेत.

पण एवढ्यावर मी त्यांना 'फवारू नका' म्हटले नाही. आठवड्याच्या सरासरीत एक धोका लपलेला असतो. पहिल्या चार रात्री काहीच न पडता शेवटच्या तीन रात्रींत सगळे पडले असतील, तर सरासरी कमी दिसूनही शेतात पतंग वाढलेले असतात. म्हणून पिशव्या पुन्हा बांधल्या आणि तीन दिवस रोज सकाळी मोजायचे ठरवले. पाच सापळ्यांची बेरीज पहिल्या सकाळी १७, दुसऱ्या सकाळी २४, तिसऱ्या सकाळी २१ आली. म्हणजे सरासरी ३.४, ४.८ आणि ४.२. पतंग होते, पण पातळीखाली होते.

बेचाळीस पडलेला सापळा असा वेगळा का वागला, तेही पाहिले. तो शेजारच्या बांधाजवळ होता आणि बांधावर गेल्या हंगामाच्या पऱ्हाट्यांची गंजी रचलेली होती. जुन्या पऱ्हाट्यांवरच्या वाळक्या बोंडांत ही अळी सुप्तावस्थेत महिनोन् महिने राहते आणि नंतर पतंग होऊन बाहेर येते. म्हणजे तो सापळा शेताची नव्हे, गंजीची बातमी देत होता. म्हणून एका सापळ्यावर निर्णय घेत नाहीत, पण वेगळ्या वागणाऱ्या सापळ्याकडे दुर्लक्षही करत नाहीत. त्या कोपऱ्यातल्या डोमकळ्या, म्हणजे अळीने आतून पाकळ्या जुळवून टाकलेली गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी फुले, वहिनींनी आणि मुलांनी दोन दिवस तोडून नष्ट केल्या.

बोंड फोडल्याशिवाय निर्णय नाही

सापळा पतंग दाखवतो, पण नुकसान अळी करते. या दोन्हींच्या मध्ये बरेच काही घडते. मादी अंडी घालते, ती चार-पाच दिवसांत फुटतात आणि बारीक अळी थोड्याच वेळात फुलात किंवा हिरव्या बोंडात शिरते. शिरलेले छिद्र लगेच बुजते. त्यानंतर बाहेरून बोंड धडधाकट दिसते आणि आतल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. म्हणून सापळ्याची बातमी मोलाची असते, कारण ती अळी आत जाण्याआधी मिळते. पण त्या पतंगांमधून खरोखर किती अळ्या बोंडात गेल्या, हे बोंडच सांगू शकते.

आम्ही शेतात तिरके-वाकडे चालत वेगवेगळ्या झाडांची, पण साधारण सारख्या वयाची २० हिरवी बोंडे तोडली आणि बांधावर बसून एकेक फोडले. २० पैकी एका बोंडात अळी होती, म्हणजे शेकडा ५. पातळी शेकडा १० आहे, म्हणजे २० पैकी २ बोंडे. सापळा आणि बोंड दोघेही एकच सांगत होते. दादांनी पंपवाल्याला निरोप पाठवला की आता येऊ नको.

बारा दिवसांनी चित्र बदलले. सलग तीन सकाळची बेरीज ४४, ५२ आणि ४९ आली. पाचाने भागले तर ८.८, १०.४ आणि ९.८. तिन्ही रात्री आठच्या वर. त्याच दिवशी पुन्हा २० बोंडे फोडली तर ३ बोंडांत अळी निघाली, शेकडा १५. या वेळी फवारणी टाळणे ही चूक ठरली असती. कृषी विभागाच्या शिफारशीतले एकच औषध, सांगितलेल्या मात्रेत, तोंडाला मास्क आणि हातमोजे घालून, सकाळी वारा पडलेला असताना फवारले. दुसरे औषध त्यात मिसळले नाही.

त्यानंतर दादांनी विचारले, "आता सापळ्यात कमी पडले म्हणजे औषध लागू पडलं असं समजायचं का?" नाही. सापळ्यात शेजारच्या शेतातले नरही येतात, त्यामुळे आपली फवारणी चांगली झाली तरी आकडा वर राहू शकतो. उलट फवारणी वाया जाऊनही पावसामुळे आकडा खाली येऊ शकतो. फवारणीची परीक्षा बोंडातच होते. नऊ दिवसांनी नव्याने धरलेली २० बोंडे फोडली. एकात अळी होती. मग पुढची फवारणी केली नाही. त्या हंगामात दादांच्या शेतावर बोंडअळीसाठी एकच फवारणी झाली.

शून्यही वाचावे लागते

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती लपवून हा लेख पूर्ण होणार नाही. सापळ्यांच्या पहिल्या वर्षी मी ल्युरची पाकिटे एप्रिलमध्येच आणून ठेवली. तीन वेगवेगळ्या किडींची पाकिटे एकाच डब्यात भरून पत्र्याच्या खोलीत ठेवली. मे महिन्यात त्या खोलीत उभे राहवत नव्हते. ऑगस्टमध्ये सापळे लावले. एक आठवडा शून्य, दुसरा आठवडा शून्य, तिसऱ्या आठवड्यात एक-दोन. मी वहीत आनंदाने शून्ये लिहीत गेलो आणि शेतकऱ्यांना सांगत गेलो, "यंदा अळी नाही, निर्धास्त राहा."

सप्टेंबरच्या अखेरीस एका काकूंनी वेचणीपूर्वी सहज बोंड फोडून माझ्यासमोर धरले. आत गुलाबी अळी वळवळत होती. वीस फोडली, सातांत निघाली. दोन किलोमीटरवरच्या गावात दुसरीकडून आणलेल्या गोळ्यांवर रात्री सहा-सात पतंग पडत होते, हे मला नंतर कळले. उन्हाने माझ्या गोळ्यांतला गंध आधीच उडून गेला होता. त्या काकूंच्या कापसात बरीच कवडी निघाली आणि व्यापाऱ्याने भाव पाडला. माझ्या भरवशावर त्या थांबल्या होत्या.

तेव्हापासून गोळ्या हंगामाच्या तोंडावर आणतो, थंड जागी आणि किडीनुसार वेगळ्या डब्यांत ठेवतो. लावताना तंबाखूचा किंवा औषधाचा हात लावत नाही. एकाच सापळ्यात शून्य आले तर सापळा पाहतो: पिशवी फाटली का, गाठ सुटली का, पालीने किंवा मुंग्यांनी पतंग खाल्ले का, टोपी पानांत दडली का. सगळ्याच सापळ्यांत शून्य आले आणि शेजारच्या गावात पतंग पडत असले, तर गोळीवर संशय घेतो. आणि आकडा काहीही येवो, फुले लागल्यापासून दर आठवड्याला २० बोंडे फोडल्याशिवाय कोणाला 'निर्धास्त राहा' म्हणत नाही.

उलटही घडते. पाऊस पडल्यावर जून-जुलैत जमिनीतून आणि जुन्या पऱ्हाट्यांतून बरेच पतंग बाहेर येतात. तेव्हा कोणी सापळा लावला तर आकडा मोठा दिसतो. पण पात्या-फुलेच नसतील तर त्यांच्या अळ्यांना खायला काही मिळत नाही आणि ती पिढी वाया जाते. म्हणून त्या वेळच्या आकड्यावर फवारणी करायची नसते. मात्र ज्याने घाईने मे महिन्यात ओलितावर कापूस लावला, त्याच्या शेतात याच पतंगांना आयती फुले मिळतात. आकडा तोच, अर्थ वेगळा. सापळ्याच्या आकड्याशेजारी पिकाची अवस्था लिहावी लागते ती यासाठी.

दिव्याचा सापळा

पोडाच्या समाजमंदिराजवळ आमचा एक प्रकाश सापळाही आहे. तीन काठ्यांच्या तिवईला दिवा टांगलेला आणि खाली साबणाचे पाणी घातलेले पसरट घमेले. याचा स्वभाव कामगंध सापळ्याच्या नेमका उलट आहे. दिव्याकडे नर येतात तशा माद्याही येतात आणि एकाच जातीचे नव्हे, दहा जातींचे कीटक येतात. म्हणून सकाळी घमेले गाळून कीटक कागदावर पसरावे लागतात आणि एकेक ओळखावा लागतो. ज्याला ओळखता येत नाही त्याच्यासाठी तो नुसता ढीग असतो.

आमच्याकडे त्याचा खरा उपयोग पावसाळ्याच्या सुरुवातीला हुमणीच्या भुंगेऱ्यांसाठी होतो. पहिल्या चांगल्या पावसानंतर ते संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंब-बाभळीवर जमतात. कोणत्या रात्री ते निघाले हे घमेले बिनचूक सांगते. त्यानंतर दोन-तीन रात्री झाडे हलवून भुंगेरे गोळा करून मारता येतात.

पण आकडा वाचताना आकाशाकडे पाहावे लागते. पौर्णिमेच्या आसपास उजेड सगळीकडे असतो, दिव्याची ओढ कमी होते आणि घमेल्यात कमी कीटक पडतात. ते पाहून 'कीड उतरली' असे म्हणणारा अमावास्येला घाबरतो. शेतात मात्र कीड तेवढीच असते. म्हणून या सापळ्याच्या वहीत मी आकड्याशेजारी तिथी लिहितो, आणि पाऊस वा जोराचा वारा होता का तेही लिहितो. पौर्णिमेची तुलना मागच्या पौर्णिमेशी करतो. पोडावरच्या म्हाताऱ्यांना तिथी तोंडपाठ असते, त्यामुळे हा नियम सभेत सगळ्यांत लवकर समजला.

दिवा रात्रभर ठेवत नाही. संध्याकाळी सात ते दहा पुरे. जास्त वेळ ठेवला तर पिकावरच्या किडी खाणारे मित्रकीटकही घमेल्यात मरतात. कापसावर फवारणी ठरवण्यासाठी मी या दिव्यावर भिस्त ठेवत नाही. तिथे कामगंध सापळा आणि फोडलेली बोंडे हेच दोन साक्षीदार घेतो.

वहीतले पाच रकाने

आता दादांच्या घरी खुंटीला एक वही टांगलेली असते. तिच्यात तारीख, पाचही सापळ्यांचे आकडे, पिशवी रिकामी करून किती रात्री झाल्या, पाऊस होता का, आणि वीसपैकी किती बोंडांत अळी निघाली, एवढे पाच रकाने आहेत. त्यांची सातवीतली मुलगी ती लिहिते आणि भागाकारही तीच करते. गेल्या हंगामात तिने एकदा मला अडवले. मी घाईत सरासरी नऊ सांगितली. ती म्हणाली, "काका, काल पिशवी उघडलीच नव्हती. या दोन रात्रींच्या आहेत." भागल्यावर साडेचार आले.

डिसेंबरअखेर ते कापूस काढून टाकतात, फरदड ठेवत नाहीत. पऱ्हाट्यांची गंजी बांधावर रचण्याचेही त्यांनी बंद केले आहे. त्या बांधाजवळचा सापळा मागच्या वर्षी इतर चार सापळ्यांसारखाच भरला.